वाशिष्ठीच्या पुरावरचं व्याख्यान: एका निमंत्रणाचं प्रकरण

चिपळूणच्या एका महाविद्यालयातल्या भूगोल विभागाला एक दिवसाचं चर्चासत्र घ्यायचं होतं. वक्ते दोनच ठरले होते. एक गावातलेच, आणि दुसऱ्या पुण्याच्या मॅडम. मॅडमचा विषय जलविज्ञान. सरकारी संशोधन संस्थेत नोकरी करून त्या निवृत्त झालेल्या. चर्चासत्राच्या समितीवर मी बाहेरचा सदस्य होतो, त्यामुळे मॅडमना गेलेल्या पत्रांचे मसुदे आणि त्यांची उत्तरं माझ्या डोळ्यांखालून गेली. पुढे लिहिलंय ते त्यावरूनच.

पहिलं पत्र तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका तरुण प्राध्यापकाने लिहिलं. ते असं होतं:

"आमच्या महाविद्यालयात 'हवामान बदल व आपत्ती व्यवस्थापन' या विषयावर चर्चासत्र आयोजित करण्याचे योजिले आहे. आपण या क्षेत्रातील नामवंत तज्ज्ञ असून आपल्या अमूल्य मार्गदर्शनाचा लाभ विद्यार्थ्यांना व्हावा, अशी आमची मनःपूर्वक इच्छा आहे. तरी आपल्या सोयीची तारीख कळवावी. प्रवासखर्च व मानधन नियमानुसार देण्यात येईल. आपल्या होकाराच्या प्रतीक्षेत."

व्याकरणात चूक नाही, नम्रतेत कसर नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या फाइलमध्ये हे पत्र सापडेल. मॅडमचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, चार ओळींचं. "समोर कोण बसणार आहे? त्यांना या विषयातलं किती ठाऊक आहे? मला बोलायला नेमका किती वेळ? आणि 'नियमानुसार' म्हणजे मी चिपळूणला यायचं कसं? गुडघ्यांमुळे मला एसटीची पायरी चढवत नाही."

होकार नव्हता, नकारही नव्हता. समितीतल्या एकांना हे उत्तर जरा तुसडं वाटलं. मला तसं वाटलं नाही. यायचं की नाही हे ठरवायला त्यांना जे लागत होतं तेवढंच त्यांनी मागितलं होतं, आणि पत्रात त्यातलं काहीच नव्हतं. 'आपल्या सोयीची तारीख' असं लिहिलं की आपण पाहुण्याला मोकळीक दिली असं वाटतं. खरं तर परीक्षा, सुट्ट्या, सभागृह यांचा ताळमेळ घालायचं आपलं काम आपण त्यांच्या गळ्यात घालतो. वर त्यांनी एखादी तारीख कळवलीच, तर "त्या दिवशी जमत नाही हो" असं आपल्यालाच सांगावं लागतं.

मग विभागप्रमुखांनी सगळ्यांना बसवून पहिल्या प्रश्नाचं उत्तर काढायला घेतलं. 'विद्यार्थी व प्राध्यापक' एवढं पुरणार नव्हतं. यादी केली तेव्हा सभागृहात एकशे चाळीसच्या आसपास माणसं होतील असं दिसलं. त्यातले जेमतेम चाळीस तृतीय वर्षाचे भूगोलाचे. बाकीच्यांत द्वितीय वर्षाचे, एनएसएसचे स्वयंसेवक, आणि खेड-गुहागरकडच्या महाविद्यालयांतले काही प्राध्यापक. भूगोलाच्या मुलांना सर्वेक्षण विभागाचा पन्नास हजारी नकाशा वाचता येतो, समोच्च रेषांवरून पाणलोट क्षेत्र आखता येतं. पण पाऊस पडल्यापासून नदीची पातळी तासातासाला कशी चढते याचा आलेख त्यांनी कधी काढलेला नाही. शिकणं बहुतेकांचं मराठीतून, संज्ञा मात्र परीक्षेपुरत्या इंग्रजीतून पाठ केलेल्या.

या यादीत आणखी एक गोष्ट होती, आणि ती कुणाला लिहावीशीच वाटली नव्हती, कारण गावात ती सगळ्यांना ठाऊकच. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडालं तेव्हा यातली बरीच मुलं दहावी-अकरावीत होती. बाजारपेठेत दुकानं असलेल्या घरांतली मुलं त्यात आहेत. पाणी कुठपर्यंत चढलं होतं हे ती भिंतीवर बोट ठेवून दाखवतात. आणि चर्चासत्र ऐकायला काही व्यापारीही येणार होते. त्यांचे प्रश्न हवामान बदलावर नसणार. ते विचारणार नदीतल्या गाळाबद्दल, वीजगृहातून सोडलेल्या पाण्याबद्दल, आणि निळ्या-लाल पूररेषेबद्दल. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. ज्याचं घर त्या रेषेत येतं त्याला बांधकामाची परवानगी कशी मिळायची हा चिपळुणात रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे. बाहेरून येणाऱ्या वक्त्याला हे आधी सांगायला हवं. नाहीतर शेवटच्या पंधरा मिनिटांत माणूस एकदम कोंडीत सापडतो.

हे सगळं मॅडमना कळवलं आणि विषय आपोआपच बदलला. त्यांनी फोनवर सांगितलं, "हवामान बदलावर ही मुलं कुठेही ऐकतील. त्यांच्या नदीचं बोलू." वाशिष्ठीच्या खोऱ्याचं वेगळेपण असं की तिच्यात नुसतं आपल्या डोंगरावरचं पाणी येत नाही. कोयना मूळची पूर्वेकडे कृष्णेला जाणारी नदी. तिचं धरणात अडवलेलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरवून पोफळी-अलोरेकडे वीज करतात, आणि ते वापरलेलं पाणी पुढे वाशिष्ठीला मिळतं. खालच्या अंगाला खाडी आहे, तिथून भरती वर चढते. २०२१ साली त्या दिवसांत पौर्णिमा तोंडावर आलेली, म्हणजे उधाणाचे दिवस. वरून पाऊस, बाजूने वीजगृहाचं पाणी, खालून भरती, आणि मध्ये गाळाने उथळ झालेलं पात्र. यातल्या कशाचा वाटा किती, हे कसं काढायचं, हीच पद्धत त्या शिकवणार होत्या. शीर्षक ठरलं: 'वाशिष्ठीचा पूर: पाणी कुठून आलं, हे कसं मोजतात?'

प्रश्नचिन्ह मॅडमनी मुद्दाम ठेवलं. "निष्कर्ष शीर्षकात नको," असं त्यांनी बजावलं होतं. आयुष्यभर सरकारी संस्थेत काढलेल्या माणसाला शीर्षकातल्या एका शब्दावरून कसं उत्तर द्यावं लागतं हे त्यांना माहीत होतं. पुढे याच वाक्याने आमची गाडी रुळावर ठेवली.

तारखेचा भाग मला सगळ्यांत मजेशीर वाटला. विभागाला ऑगस्ट हवा होता, पावसात पुराचं बोललं की मुलं ऐकतात म्हणून. पण पावसाळ्यात पुण्याहून कोकणात उतरणारा कुठलाही घाट भरवशाचा नाही. दरड आली की अर्धा दिवस गेला. कोकण रेल्वेचंही पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालतात. त्यानंतर गणपती, तेव्हा मुंबई-गोवा महामार्गावर गाडी मुंगीच्या पावलाने सरकते आणि वर्गात कुणी नसतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर विद्यापीठाच्या परीक्षा. डिसेंबरात एनएसएसचं शिबिर आणि स्नेहसंमेलन. फेब्रुवारीत इमारत बारावीच्या परीक्षेला जाते. मार्चमध्ये शिमगा, आणि शिमग्यात कोकणातल्या मुलाला पालखी सोडून सभागृहात बसवायची हिंमत कुणी करू नये. उरला जानेवारी, संक्रांत ते प्रजासत्ताक दिन या मधला.

एवढं कळवल्यावर मॅडमनी वेगळीच मागणी केली. व्याख्यान झाल्यावर मुलांना गोवळकोटच्या धक्क्यावर नेऊन खाडीतलं उधाण दाखवायचं. भरतीचं पाणी नदीला कसं अडवतं हे डोळ्यांनी दिसलं की आलेख समजायला वेळ लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे तारीख अमावास्या-पौर्णिमेच्या जवळची हवी, आणि भरती दुपारच्या जेवणाआधी यायला हवी. इथे किनाऱ्यावरचा जुना हिशेब कामाला आला: तिथीच्या आकड्याला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, येते ती भरतीची वेळ. चतुर्दशीला चौदा त्रिक बेचाळीस, भागिले चार, साडेदहा. १७ जानेवारी, शनिवार, पौष वद्य चतुर्दशी. किनाऱ्यावर साडेदहाच्या सुमाराला भरती. खाडीत आत पाणी चढायला त्याहून वेळ लागतो. तो किती, हे गोवळकोटच्या एका होडीवाल्याला विचारलं. "जेवायच्या आधी या, बघायला मिळंल," एवढंच तो म्हणाला. हिशेब ढोबळ असल्यामुळे विभागाने भरती-ओहोटीचं छापील कोष्टकही पाहिलं आणि त्यावरून वेळ पक्की केली. व्याख्यान साडेनऊला सुरू करायचं, पावणेअकराला संपवायचं, अकराला बस.

आता उद्घाटनाचं काय? दीपप्रज्वलन, स्तवन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, प्रास्ताविक, अध्यक्षीय मनोगत. नेहमीच्या पद्धतीने याला पाऊण तास सहज लागतो आणि तो नेहमी वक्त्याच्या वेळातून कापला जातो. पत्रात "पंचाहत्तर मिनिटे" लिहायची असतील तर आधी प्राचार्यांशी बोलणं भाग होतं. ते थोडे नाखूश झाले, पण अध्यक्षीय मनोगत दुपारच्या सत्रात न्यायला तयार झाले. भरती कुणासाठी थांबत नाही, हे कारण कोकणातल्या माणसाला पटवावं लागत नाही.

प्रवासाकडे आलो तेव्हा खरं त्रांगडं उभं राहिलं. रेल्वेने यायचं तर पुण्याहून पनवेल, तिथे गाडी बदलून कोकण रेल्वेने चिपळूण. पनवेलला जिने, हातात बॅग, आणि मागून येणारी गाडी किती उशिरा येईल त्याचा नेम नाही. मॅडमनी ते नाकारलं. राहिला रस्ता. ताम्हिणीतून माणगावला उतरून महामार्गाने महाड-खेड करत येता येतं. किलोमीटर जरा कमी, पण ताम्हिणीची वळणं लांबलचक. दुसरा रस्ता बेंगळुरू महामार्गाने उंब्रजपर्यंत सरळ, मग पाटण, कोयनानगर आणि शेवटी कुंभार्ली घाट. वळणांचा त्रास होणाऱ्या माणसाला हा बरा, कारण महामार्गावरचा खंबाटकी सोडला तर वळणांचा घाट एकच आणि तोही शेवटी. मॅडमनी हाच निवडला, आणि एक अट घातली: घाट उजेडात उतरायचा, उजेडातच चढायचा. म्हणजे शुक्रवारी सकाळी निघून दुपारी पोचणं, आणि शनिवारी जेवून दोनच्या आत निघणं. चर्चासत्राचा समारोप त्यांच्या हातून व्हावा अशी विभागाची इच्छा होती, ती इथेच सुटली.

खर्चाचं गणित असं. जाऊन-येऊन अंतर साधारण पावणेपाचशे किलोमीटर. पण बाहेरगावच्या भाड्याला गाडीवाले दिवसाला किमान तीनशे किलोमीटर धरतात. दोन दिवस म्हणजे सहाशे, गाडी चालो न चालो. त्या गाडीवाल्याचा दर किलोमीटरला चौदा रुपये होता. आठ हजार चारशे झाले, त्यात चालकाचा भत्ता आणि टोल वेगळा. मानधन होतं तीन हजार. समितीत कुणीतरी म्हणालंच, "मग ऑनलाइनच घेऊ या की." यावर बराच वेळ गेला. माझं मत तेव्हाही होतं आणि आताही आहे की नुसतं भाषण असतं तर ऑनलाइन चाललं असतं. गोवळकोटचा धक्का पडद्यावर दाखवून भागणार नव्हतं.

महाविद्यालयाच्या नियमात रेल्वेचं भाडं किंवा एसटीचं तिकीट एवढंच बसत होतं. खासगी गाडीला प्राचार्यांची पूर्वमंजुरी लागते. ही मंजुरी निमंत्रणपत्र जाण्याआधी लेखी घेतली, कारणासह: वक्त्यांचं वय, गुडघ्यांचा त्रास, थेट सोयीची रेल्वे नाही. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. पाहुणा येऊन जातो, बिल कार्यालयात जातं, आणि मग कार्योत्तर मंजुरीसाठी तीन महिने फाइल फिरते. पाहुण्याने स्वतःच्या खिशातून खर्च केलेला असला तर तीन महिने तोही वाट बघतो, आणि मागायची लाज वाटते म्हणून गप्प बसतो. म्हणून गाडी महाविद्यालयानेच ठरवली.

शेवटी गेलेल्या पत्राचा मधला भाग देतो. वर जावक क्रमांक होता, खाली प्राचार्यांची सही आणि शिक्का.

"शनिवार, दि. १७ जानेवारी रोजी सकाळी ९.३० ते १०.४५ या वेळेत आपले व्याख्यान योजिले आहे. यांपैकी शेवटची पंधरा मिनिटे प्रश्नोत्तरांसाठी आहेत. उद्घाटनाचा औपचारिक भाग ९.३० पूर्वी पूर्ण होईल. विषय: 'वाशिष्ठीचा पूर: पाणी कुठून आलं, हे कसं मोजतात?' श्रोते सुमारे १४०. त्यांपैकी ४० तृतीय वर्ष भूगोलाचे. त्यांना नकाशावाचन येते, जलालेखाची ओळख नाही. व्याख्यान मराठीत व्हावे, संज्ञा इंग्रजीत दिल्यास विद्यार्थ्यांना सोयीचे होईल. श्रोत्यांमध्ये शहरातील काही व्यापारी असतील व पूररेषा, गाळ आणि वीजगृहाचा विसर्ग यांविषयी प्रश्न येण्याची शक्यता आहे. ज्या प्रश्नांचे उत्तर देणे आपणांस उचित वाटणार नाही ते सत्राध्यक्ष आपल्याकडे येऊ देणार नाहीत.

शुक्रवारी सकाळी ९ वाजता गाडी आपल्या घरी येईल. मार्ग उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट. गाडीभाडे, टोल व चालकाचा भत्ता महाविद्यालय थेट देईल. आपण काहीही द्यावयाचे नाही. मुक्कामाची खोली तळमजल्यावर आहे. परतीसाठी गाडी शनिवारी दुपारी १.३० वाजता तयार असेल. मानधन रु. ३,००० आपल्या बँक खात्यात जमा केले जाईल. त्यासाठी पॅन व खात्याचा तपशील सोबतच्या अर्जात भरून द्यावा. गाडीचा क्रमांक व चालकाचा दूरध्वनी गुरुवारी कळवू."

'अमूल्य मार्गदर्शन' गेलं, कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही. होकार त्याच संध्याकाळी आला, सोबत एक विचारणा: सभागृहातला प्रोजेक्टर नवा की जुना, कारण त्यांच्या लॅपटॉपला एचडीएमआयचीच जागा आहे. प्रोजेक्टर जुना होता. जोडणीची वायर चिपळुणातच मिळाली.

खरा बाका प्रसंग चार दिवस आधी आला. गावातल्या कुणा उत्साही माणसाने विभागाच्या पत्रिकेवरून स्वतःच एक रंगीत चित्र तयार केलं, आणि ते मोबाइलवर फिरलं. त्यात मॅडमचा फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत: 'चिपळूण का बुडालं? धरणच जबाबदार?' ते पुण्यात मॅडमच्या एका माजी सहकाऱ्यापर्यंत पोचलं. मॅडमचा फोन विभागप्रमुखांना आला. आवाज शांत होता, पण वाक्य एकच: "हे शीर्षक राहणार असेल तर मी येत नाही."

इथे शिक्का मारलेलं पत्र उपयोगी पडलं. शीर्षक अक्षरशः त्यात होतं, त्यामुळे कोण काय म्हणालं होतं यावर चर्चाच करावी लागली नाही. विभागाने तासाभरात महाविद्यालयाच्या नावाने मूळ शीर्षकाची पत्रिका काढली, जिथे जिथे आधीचं चित्र गेलं होतं तिथे पाठवली, आणि "आधीचे चित्र महाविद्यालयाने प्रसिद्ध केलेले नाही" एवढी ओळ घातली. मॅडमनी आणखी एक मागितलं, आणि ते रास्त होतं: सूत्रसंचालकाच्या तोंडी धरणाचं नाव येऊ नये. सूत्रसंचालनाचं टिपण आदल्या रात्री त्यांना वाचून दाखवलं.

शुक्रवारी गाडी कुंभार्लीत असताना फोन लागेना, घाटात रेंज जाते. पण पाटणहून चालकाने कळवलं होतं, त्यामुळे इकडे कुणी घाबरलं नाही. वाटेत मॅडम कोयनानगरला चहाला थांबल्या, त्यामुळे पोचायला तीन वाजले. शनिवारी व्याख्यान दहा मिनिटं लांबलं. बस अकराऐवजी सव्वाअकराला सुटली, भरती तरीही सापडली. धक्क्यावर मॅडमनी मुलांना आधी पाण्यात तरंगणाऱ्या पालापाचोळ्याकडे बघायला सांगितलं. तो समुद्राकडे न जाता गावाकडे सरकत होता. पुराच्या पाण्याला वाट का मिळत नव्हती, हे त्यानंतर फार समजवावं लागलं नाही.

प्रश्नोत्तरांत अपेक्षेप्रमाणे एका व्यापाऱ्याने पूररेषेचं विचारलं. सत्राध्यक्ष मध्ये पडणार तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "राहू द्या, रेषा कशी काढतात एवढं मी सांगते. ती कुठून जावी हे मी सांगणार नाही." तो गृहस्थ समाधानी झाला असं म्हणता येणार नाही, पण त्याने पुढे ताणलं नाही.

दोनला दहा मिनिटं असताना गाडी निघाली. अंधार पडायच्या पुष्कळ आधी ती घाट चढून गेली असणार, कारण सव्वाआठला मॅडमचा घरी पोचल्याचा निरोप आला. मानधन पुढच्या आठवड्यात खात्यात गेलं. गाडीवाल्याच्या पावतीवर रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट नव्हतं, पाच हजारांवरच्या पावतीला ते लागतं, म्हणून कार्यालयाने ती परत पाठवली. लेखापरीक्षणात "रेल्वे उपलब्ध असताना खासगी गाडी का?" असा शेरा आला. विभागाने पूर्वमंजुरीची प्रत जोडली, आणि शेरा निकाली निघाला.